दोन साहेब आणि एक डाईंग हाउस

प्रश्न: आमचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आधी डाईंग, माग, शिवण-पॅकिंग, क्वालिटी अशी खाती होती. गेल्या वर्षी सल्लागाराच्या सांगण्यावरून एक्स्पोर्ट, लोकल बाजार आणि हॉटेल-हॉस्पिटल असे तीन विभागप्रमुख नेमले आणि 'मॅट्रिक्स' केलं. आता प्रत्येक सुपरवायझरला दोन साहेब. क्वालिटीचा चेकर परवा विचारत होता, 'नक्की कुणाचं ऐकू?' डाईंग काकांकडे आहे, एक्स्पोर्ट माझ्याकडे. डाईंगची दोन मशीन, भांडणं सगळी तिथेच. जुन्या पद्धतीवर परत जावं, की तीन स्वतंत्र विभाग करावेत?

उत्तर:

दोन्ही करू नका. शिवण-पॅकिंग विभागांना वाटून द्या, डाईंग आणि माग खात्याकडेच ठेवा, आणि 'दोन साहेब' ही भानगड सगळ्या सुपरवायझरांवरून काढून एक-दोन जागांपुरती ठेवा. आता का, ते सांगतो.

तुमची जुनी रचना म्हणजे फंक्शनल, खातेनिहाय. एका कामातली माणसं एका साहेबाखाली. त्यात डाईंग मास्टरची विद्या वाढते, मशीन रिकामी राहत नाहीत, पण गिऱ्हाइकाची ऑर्डर चार खात्यांतून फिरते आणि ती वेळेत गेली नाही तर दोष कुणाचाच नसतो. डिव्हिजनल म्हणजे विभागनिहाय रचनेत एक्स्पोर्टचा डाईंगवाला, मागवाला, पॅकर सगळे एक्स्पोर्टच्या प्रमुखाखाली येतात. ऑर्डरची जबाबदारी स्वच्छ होते, पण प्रत्येक विभागाला आपापलं यंत्र आणि आपापला जाणकार लागतो. मॅट्रिक्समध्ये दोन्ही रेषा एकाच माणसावर येतात. एवढी तोंडओळख पुरे, कारण तुमचा प्रश्न व्याख्यांचा नाही. मोठ्या यंत्राचे तुकडे होत नाहीत, हा तुमचा प्रश्न आहे.

आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून मी धरून चालतो. तुमचे खरे आकडे घालून हेच गणित पुन्हा मांडा. सुती धाग्याच्या रिअॅक्टिव्ह रंगाईला रंग चढवणं, सोडा, गरम धुलाई, सोपिंग असं सगळं धरून एक बॅच साधारण आठ-नऊ तास घेते. गडद शेडला धुलाई जास्त, म्हणून वेळही जास्त. एका मशीनवर दिवसाला दोन बॅच, दोन मशीन, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला २४ बॅच. मागणी धरा एक्स्पोर्टची ११, लोकलची ९, हॉटेल-हॉस्पिटलची ६. एकूण २६. दोन बॅच कमी पडतात.

मशीन विभागांना वाटून दिली तर? एक्स्पोर्टला एक मशीन, म्हणजे आठवड्याला १२ बॅचच्या जागा, लागतात ११. एक रिकामी. उरलेल्या दोघांना मिळून एक मशीन, १२ जागा, लागतात १५. तीन कमी. म्हणजे वाटणी करून तूट दोनाची तीन झाली, आणि शेजारच्या मशीनवर एक पाळी रिकामी. शिवाय आज दोन मशीन एकत्र असल्यामुळे काका एकावर पांढऱ्या-फिक्या शेड घेऊ शकतात आणि दुसऱ्यावर नेव्ही, मरून, काळा. विभाग केले की प्रत्येक मशीनवर फिके आणि गडद दोन्ही येणार. गडदावरून फिक्यावर यायचं तर मशीन आधी धुवावं लागतं आणि त्यात दोनेक तास जातात. फिक्याकडून गडदाकडे जायला तेवढी धुलाई लागत नाही. त्यामुळे डाईंगचा क्रम फिक्याकडून गडदाकडे असतो, आणि हा क्रम विभागप्रमुखाच्या डोक्यात नसतो, मास्टरच्या डोक्यात असतो. डाईंग खात्याकडे ठेवा म्हणतो, ते याचसाठी.

शिवणीचं गणित उलटं आहे. शिलाई मशीन स्वस्त, त्याचे तीन गट करता येतात. कामही वेगवेगळं: एक्स्पोर्टला लेबल, पॉलीबॅग, कार्टनवरचे मार्किंग गिऱ्हाइकाच्या सूचनेप्रमाणे; हॉटेलवाल्यांना नावाची एम्ब्रॉयडरी; लोकलला डझनाच्या गाठी. एक्स्पोर्टच्या ओळीतला पॅकर लोकलला फारसा उपयोगी नाही. इथे विभागनिहाय रचना सरळ बसते, कुणाला दोन साहेब राहत नाहीत. माग तिसऱ्याच प्रकारात मोडतात. बीम चढला, रुंदी आणि पाईल ठरली की माग बरेच दिवस तेच विणतो. रोज उठून त्यावर भांडायला कारण नाही. खात्याकडेच राहू द्या.

म्हणजे बघा, 'मॅट्रिक्स करावं का' हा सगळ्या कारखान्याला मिळून विचारायचा प्रश्नच नाही. तो प्रत्येक साधनाला वेगळा विचारायचा. ते वाटता येतं का, वाटलं तर किती वाया जातं, आणि त्याच्यावर रोजची ओढाताण आहे का. वाटता येत नाही आणि ओढाताण रोजची आहे, तिथेच दोन रेषांचा विचार करायचा. स्टॅन्ली डेव्हिस आणि पॉल लॉरेन्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात मॅट्रिक्सवर बरंच लिहिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तीन गोष्टी एकत्र आल्या तरच मॅट्रिक्सच्या वाटेला जावं: बाहेरून दोन दिशांनी सारखाच दाब असावा, काम इतकं अनिश्चित असावं की माहितीची देवाणघेवाण सतत करावी लागावी, आणि महाग साधन सगळ्यांना मिळून वापरावं लागावं. एक्स्पोर्ट आणि डाईंग यांच्या मधल्या सांध्यावर तुमच्याकडे तिन्ही आहेत. लोकल बाजार आणि मागखातं यांच्यामध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. सल्लागाराने सांध्याचं औषध सगळ्या अंगाला चोळलं.

आता त्या दोन बॅचच्या तुटीकडे परत येऊ, कारण 'दोन साहेब' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. २४ जागा आणि २६ मागण्या, म्हणजे दर आठवड्याला कुणाच्या तरी दोन बॅच मागे पडणार. हा माणसांच्या स्वभावाचा भाग नाही, वजाबाकी आहे. पण कोणाच्या मागे पडणार हे वर कुणी ठरवलेलं नाही. मग तो निर्णय सरकत सरकत खाली येतो आणि रात्रपाळीच्या डाईंग सुपरवायझरच्या गळ्यात पडतो. तुमचा फोन येतो, 'नेव्ही आज लावा, न्हावा शेव्याला कंटेनर वेळेत पोचला पाहिजे.' काकांनी सांगून ठेवलेलं असतं, 'आज फिक्याच शेड.' तो बिचारा कंपनीचं धोरण ठरवतोय, आणि ज्याचं ऐकलं नाही त्याच्या शिव्या खातोय. अशा ठिकाणी संवादकौशल्याचं ट्रेनिंग ठेवून काही होत नाही.

उपाय असा. दर शनिवारी अर्ध्या तासाची बैठक. काका, तिन्ही विभागप्रमुख आणि प्लॅनर. पुढच्या आठवड्याच्या २४ जागांचा एक कागद, प्रत्येक जागेवर विभागाचं नाव आणि शेड. तुटीच्या दोन बॅच बाहेर जॉबवर द्यायच्या, रविवारी चालवायच्या की लोकलच्या पुढे ढकलायच्या, हे त्या बैठकीत ठरतं आणि एकमत झालं नाही तर जो सगळ्यांच्या वर आहे तो तिथेच ठरवतो. तो कोण, यावर पुढे बोलू. बैठक संपली की कागद पक्का.

नंतर अडचण येणारच. जहाजाची तारीख सरकते, गिऱ्हाईक रंग बदलतं. त्यासाठी दोन नियम पुरतात. पहिला: ज्याला घाई आहे त्याने आपल्याच जागांची अदलाबदल करायची. तुम्हाला बुधवारी नेव्ही हवा असेल तर बुधवारची तुमचीच दुसरी बॅच मागे घ्या. दुसऱ्याची जागा हवी असेल तर त्या विभागप्रमुखाशी स्वतः बोला आणि त्याचा होकार प्लॅनरला कळवा. सुपरवायझरला फोन नाही. दुसरा: अदलाबदलीने फिक्या-गडदाचा क्रम मोडत असेल तर काका नाही म्हणू शकतात, किंवा हो म्हणून धुलाईचे दोन तास ज्याने मागितलं त्या विभागाच्या नावावर लिहू शकतात. महिनाअखेरीला ते तास आणि वाया गेलेलं पाणी-वाफ त्या विभागाच्या खर्चात दिसू द्या. घाई खरी किती होती, ते मग आपोआप कळतं.

या दोन नियमांत अधिकाराची वाटणीही झाली. काय हवं आणि कधी हवं, हे विभागप्रमुखाचं. कसं करायचं, कुणी करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे खातेप्रमुखाचं. कागदावर हे छान दिसतं, पण चार ठिकाणी फाटतं: माल पास करणं, ओव्हरटाइम, रजा आणि पगारवाढ. 'आपण समजुतीने घेऊ' असं म्हणून ही चार मोकळी सोडली की सहा महिन्यांत सगळी भांडणं तिथे जमा होतात. म्हणून एका पानावर निर्णयांची नावं लिहा. प्रत्येकापुढे ठरवणारा एकच आणि त्याने आधी कुणाला विचारायचं तो. दोन नावं लिहायची वेळ आली तर तो निर्णय अजून फोडायचा राहिला आहे असं समजा. रजेचं उदाहरण घ्या. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्मा कारखाना सुट्टी मागतो. शेड लॅबमधल्या मुलाची रजा काकांनी मंजूर केली आणि त्याच आठवड्यात तुमचे लॅब डिप, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मंजुरीसाठी लॅबमध्ये रंगवलेले छोटे नमुने, जायचे होते, तर चूक कुणाची? पानावर असं हवं: रजा काका मंजूर करतील, एक्स्पोर्टला आधी विचारून, आणि मुलगा नसताना डिप कोण काढणार त्याचं नाव रजेच्या अर्जावरच असेल.

चेकरचं काय, ते सविस्तर सांगतो, कारण त्याचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. नेव्हीचा लॉट निघाला. चेकरने मंजूर नमुना आणि लॉटचा तुकडा लाइट बॉक्समध्ये शेजारी ठेवला. डी ६५ म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या दिव्याखाली दोन्ही सारखे. दुकानातल्या ट्यूबलाइटसारख्या टीएल ८४ खाली लॉट किंचित लालसर. गिऱ्हाइकाने दोन्ही दिव्यांखाली जुळायला हवं असं लिहिलेलं आहे. आता बघा कोण काय म्हणतं. काका म्हणतात, दिवसाच्या उजेडात जुळतोय, पुन्हा रंगवायचा तर एक जागा गेली आणि धाग्याचा मऊपणाही गेला. तुम्ही म्हणता, कंटेनर चुकला तर विमानाने पाठवावं लागेल, जाऊ द्या. म्हणजे इथे दोन्ही साहेब एकाच बाजूला! चेकरला दोन साहेब असण्याचा धोका नेहमी परस्परविरोधी हुकमातच असतो असं नाही. दोघांचाही फायदा माल सोडण्यात असतो आणि 'नाही' म्हणायला कुणी उरत नाही, तेव्हाच खरा फटका बसतो, आणि तो दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या क्लेमच्या रूपाने येतो.

म्हणून क्वालिटीच्या माणसाला मॅट्रिक्समध्ये घालूच नका. बसायला एक्स्पोर्टच्या ओळीत, साहेब मात्र फक्त क्वालिटी प्रमुख. माल अडवण्याचा अधिकार चेकरचा. अडवलेला माल सोडायचा तर दोनच वाटा: गिऱ्हाइकाची लेखी मान्यता, किंवा सगळ्यांच्या वर बसलेल्याची सही, कारणासकट. फोनवरून 'सोड रे' चालणार नाही. तुमच्या चेकरला उत्तर द्यायचं तर ते एवढंच.

मग दोन साहेब खरोखर उरतात कुणाला? माझ्या हिशोबाने दोघांना. एक प्लॅनर, ज्याच्याकडे तो २४ जागांचा कागद आहे. दुसरा शेड लॅबमधला, जो गिऱ्हाइकाचा नमुना आणि मास्टरची रेसिपी यांच्या मध्ये उभा असतो. लॅब डिप तुमच्या मर्चंडायझरच्या घाईने जाणार, पण रेसिपी मोठ्या मशीनवर तशीच उतरली पाहिजे ही काकांची गरज. यातली एकही रेषा कापली तर नुकसान होतं. या दोघांपुरतं मॅट्रिक्स ठेवा.

त्यांच्यासाठीही एक गोष्ट पाळा. पगारवाढीचा कागद एकच असावा. दोन्ही साहेबांनी आपापलं मत त्यात लेखी टाकायचं, एकत्र बसून आकडा ठरवायचा, आणि माणसाशी बोलताना दोघांनी एकत्र बोलायचं. सही खातेप्रमुखाची असली तरी चालेल. पण विभागप्रमुखाचं मत न घेता सही झाली, तर संघटन तक्त्यावर कितीही जाड रेघ काढा, माणूस एकाच साहेबाचं ऐकणार. कुठल्याही कारखान्यात खरा साहेब कोण हे शोधायचं असेल तर मी तक्ता मागत नाही. रजेचा अर्ज कुणाच्या टेबलावर जातो आणि दिवाळीच्या बोनसच्या यादीत नाव कोण घालतं, एवढं विचारतो.

तुमच्याकडे तिसरा साहेबही असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी. वडील किंवा आजोबा, जे सकाळी एक फेरी मारतात आणि मागाजवळ थांबून 'हे आधी काढा' म्हणून जातात. सोलापुरात घराण्याच्या कारखान्यांत हे सर्रास आहे आणि त्यात प्रेम असतं, वाईट हेतू नसतो. पण त्या एका वाक्याने शनिवारचा कागद फाटतो. फेरी बंद करायची गरज नाही. त्यांनी जे सांगायचं ते प्लॅनरला सांगावं, एवढं ठरवून घ्या. मागवाल्यालाही सांगून ठेवा की मोठ्या मालकांना हो म्हणायचं आणि लगेच प्लॅनरला कळवायचं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. मॅट्रिक्सला चार कोपरे असतात. खाली दोन साहेबांचा माणूस, डावी-उजवीकडे ते दोन साहेब, आणि वर दोघांचा मिळून एक. हा वरचा कोपरा रिकामा असेल तर बाकी काहीही केलं तरी चालत नाही. मोठ्या कंपन्यांत वर पगारी सीईओ असतो. आपल्याकडे एका भावाने उत्पादन बघायचं, दुसऱ्याने विक्री, अशी नात्याने खाती पडलेली असतात. थोरले होते तोवर शेवटचा शब्द त्यांचा होता. ते निवृत्त झाले की दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या होतात. मग डाईंग आणि एक्स्पोर्ट यांचं भांडण काका-पुतण्याचं भांडण होतं, आणि काकांना कामावर नाही म्हणणं म्हणजे घरात उलट बोलणं ठरतं. नोकरमाणसांना हे आपल्या आधी कळतं. ते निर्णय मागायचंच सोडून देतात किंवा ज्याच्याकडून हवं ते उत्तर मिळेल त्याच्याकडे जातात, आई नाही म्हणाली की बाबांना विचारणाऱ्या पोरासारखे.

वरचा कोपरा भरायचे मार्ग तीन. वडील अजून कारखान्यात येत असतील तर शनिवारच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा, आणि फक्त त्या बैठकीत. नसतील तर काका आणि तुम्ही मिळून एकाला नेमा. तो काकाही असू शकतो, मात्र मग डाईंगचं खातं त्यांनी मास्टरकडे सोपवायला हवं. एकाच माणसाने एका बाजूचा साहेब आणि पंच दोन्ही व्हायचं नाही. तिसरा मार्ग पगारी फॅक्टरी मॅनेजरचा. तो चालतो, पण त्याचा निर्णय घरी जेवणाच्या ताटावर फिरवला जाणार नाही, ही खात्री असेल तरच. तिन्हींपैकी एकही जमत नसेल तर प्लॅनर आणि लॅबलाही दोन साहेब देऊ नका. जुन्या खातेनिहाय रचनेवर या आणि विभागप्रमुखांना समन्वयक म्हणून ठेवा: ते मागतील, पाठपुरावा करतील, हुकूम देणार नाहीत. ते हळू चालेल, पण चालेल.

एका साहेबाचा आग्रह जुनाच आहे. हेन्री फायोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये 'एका माणसाला हुकूम एकाकडूनच' हे तत्त्व मांडलं. त्याच्या आधी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने कामगाराला आठ वेगवेगळे फोरमन असावेत असं सुचवलं होतं, प्रत्येकजण आपल्या कौशल्यापुरता. आठ साहेब कुठे फारसे रुजले नाहीत. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकी विमान-अंतराळ उद्योगात दोन साहेब आले ते हौसेने नाही. सरकारी गिऱ्हाइकाला प्रत्येक प्रकल्पामागे एक जबाबदार माणूस हवा होता आणि तज्ज्ञ मात्र मोजकेच होते. मोठ्या कंपन्यांनीही हे ओझं कायम वाहिलं असं नाही. एबीबी ही स्वीडिश-स्विस कंपनी १९८८ मध्ये सुरू झाली आणि तिचं देश व व्यवसाय असं दुहेरी मॅट्रिक्स जगभर गाजलं. १९९८ मध्ये नव्या प्रमुखाने त्यातली देशांची बाजू बाजूला सारली.

नवी व्यवस्था लावल्यावर तीन महिने काही गोष्टी मोजा. शनिवारचा कागद आठवड्यात किती वेळा बदलला. सुरुवातीला तो बराच बदलेल, पण तिसऱ्या महिन्यातही तसाच बदलत असेल तर एखादा विभाग मागणी फुगवून जागा अडवतोय, किंवा वरच्याने ठरवलेलं कुणी पाळत नाही. वरच्याकडे किती तंटे गेले. शून्य असतील तर खूश होऊ नका. बहुधा ते खाली दाबले जात आहेत, रात्रपाळीला जाऊन विचारा. आठवड्याला एखाद-दुसरा जावा, तो बैठकीत मिटावा. त्याच प्रकारचा तंटा तीनदा आला तर तो एका पानावर लिहायचा निर्णय आहे, पंचाने पुन्हा पुन्हा सोडवायचा नाही. आणि अडवलेल्या मालापैकी किती वरच्या सहीने सुटला. हा आकडा चढत असेल तर दोष क्वालिटीत नाही. लॅब डिपवरून मशीनवर येताना शेड हलतेय, तिथे बघा.

हे कायमचं धरू नका. तिसरं मशीन घेतलंत तर जागा ३६ होतील आणि गणित बदलेल. एक्स्पोर्टची मागणी एका मशीनच्या १२ जागांच्या पुढे जाऊन दीड-दोन मशीन सलग भरायला लागली, आणि त्यात फिके-गडद दोन्हीला पुरेशा बॅच असल्या, तर तेव्हा एक्स्पोर्टचं डाईंग वेगळं काढणं परवडेल. त्यासाठी दुसरा डाईंग मास्टर मात्र आधीच तयार हवा. मशीन सहा महिन्यांत बसतं, मास्टर तेवढ्यात होत नाही. तोवर काकांच्या हाताखाली एक मुलगा आत्ताच लावून ठेवा.